जपून ठेवलेली मूळ प्रत

दहावीच्या रकान्यापुढे तांबडी चांदणी होती, तिथून सगळं सुरू झालं. प्रस्तुत लेखक ज्या कंपनीत गेली बावीस वर्षं हिशेब बघतो, ती एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. नव्या मालकांनी सगळ्या जुन्या माणसांना नव्याने नोकरीवर घ्यायचं ठरवलं. त्यासाठी संगणकावर फॉर्म भरायचा आणि दहावी, बारावी, पदवी अशा क्रमाने प्रमाणपत्रं चढवायची. ज्या रकान्यापुढे चांदणी असेल तो मोकळा ठेवून पुढे सरकता येत नाही. लेखकाने पदवीचं चढवलं, बारावीचं चढवलं आणि दहावीपाशी गाडी अडली.

एचआरमधल्या मुलीला फोन केला. लेखक दहावी झाला तेव्हा तिचे आईवडीलही बहुधा शाळेतच असतील.

‘सर, टेन्थ मँडेटरी आहे.’

‘अहो, बारावी पास आहे म्हणजे दहावी पास असणारच ना? मधली पायरी सोडून वर कसा चढलो असेन?’

‘बरोबर आहे सर, पण सिस्टिम तसं धरत नाही.’

वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पन्नास कोटींच्या ताळेबंदावर सही करणाऱ्या माणसाला आपण दहावी पास आहोत हे सिद्ध करायचं होतं. पुरावा घरातच होता. लेखकाच्या आईने तो जपून ठेवला होता. घाबरण्यासारखी गोष्ट हीच. हरवलेली छत्री निदान दुसऱ्या कुणाला तरी सापडते. आईने जपून ठेवलेली वस्तू कुणालाच सापडत नाही, आईलासुद्धा.

रविवार सकाळपासून शोध सुरू झाला. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात विकून टाकलेल्या स्कूटरचा विमा मिळाला. टीव्हीचं वॉरंटी कार्ड मिळालं. तो टीव्ही घरात नव्हता आणि ती कंपनीही आता बाजारात नव्हती. लग्नाच्या कार्यालयाची पावती मिळाली, तिच्यावर अनामत रक्कम परत मिळायची राहिल्याची नोंद होती. त्यावरून अर्धा तास वेगळी चर्चा झाली. मग बायकोने एक जुनाट कागद वर धरला.

‘अहो, हेच ना?’

तो बारावीनंतरचा, कॉलेज सोडल्याचा दाखला होता. इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण निम्म्या महाराष्ट्राचा गोंधळ याच ठिकाणी होतो. दहावीच्या नावाने माणसाकडे तीन कागद येतात. निकालाच्या वेळी मिळते ती गुणपत्रिका, पुढे मंडळाकडून शाळेमार्फत येतं ते प्रमाणपत्र, आणि तिसरा शाळा सोडल्याचा दाखला. पहिले दोन मंडळाचे, तिसरा शाळेचा. दाखला हरवला म्हणून लोक मंडळात जातात आणि गुणपत्रिका हरवली म्हणून शाळेत जाऊन भांडतात. त्यातून दहावीचा मूळ दाखला बहुतेकांचा हरवलेला नसतोच. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी तो कॉलेजने ठेवून घेतलेला असतो आणि दोन वर्षांनी कॉलेजने स्वतःचा दाखला दिलेला असतो. तीस वर्षं घरात शोधलेला कागद तीस वर्षं कॉलेजच्या फायलीत सुखाने पडून असतो. लेखकाच्या आईने दाखल्यासाठी एकदा देव पाण्यात ठेवले होते, हे इथे नमूद करायला हरकत नाही.

लेखकाला मात्र गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र हवं होतं, आणि ती खरोखरच नव्हती.

संध्याकाळी पुतणी आली. तिची दहावी 2015 ची. काकाचं रडगाणं ऐकता ऐकता तिने चहा गार व्हायच्या आत मोबाइलवर स्वतःची गुणपत्रिका काढून दाखवली. ‘काका, boardmarksheet.maharashtra.gov.in. बोर्डाचंच आहे. इथून काढलेलं कंपनी तिथेच तपासू शकते. घरात काही उलथापालथ करायची गरजच नाही.’

लेखकाने मोठ्या उमेदीने वर्ष शोधलं. राज्य मंडळाने 1990 पासूनच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तिथे उपलब्ध केल्या आहेत. लेखकाची दहावी मार्च 1989 ची. म्हणजे मार्चला एकदा आणि ऑक्टोबरला एकदा असा दोनदा नापास झाला असता, तर आज सोफ्यावर बसून काम झालं असतं. गणिताच्या सरांनी वर्षभर तेच सुचवलं होतं. मोठ्या माणसांचं ऐकावं ते यासाठी.

मेहुण्याने वेगळाच तोडगा काढला. ‘बारावीच्या वेळी काढलेली झेरॉक्स असेल ना? फोटो काढा आणि डिजिलॉकरमध्ये टाका. डिजिलॉकर म्हणजे सरकारी, ते ओरिजिनलच धरतात.’ हा समज एवढा पसरला आहे की त्यावर स्वतंत्र पाटी लावायला हवी. डिजिलॉकरमध्ये कागद दोन वाटांनी येतात. एक, ज्या संस्थेने तो दिला तिच्या नोंदीतून थेट येतो. असा कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा मानावा, असा केंद्राचा नियम 2017 पासून आहे. दुसऱ्या वाटेने आपणच फोटो काढून आत टाकतो. तो मूळ ठरत नाही, तो फक्त सरकारी कपाटात ठेवलेला आपला फोटो असतो. मेहुण्याच्या डिजिलॉकरमध्ये त्याच्या कुत्र्याचं लसीकरण कार्ड होतं, तेवढ्यावरून कुत्रा केंद्र सरकारने प्रमाणित केलेला ठरत नाही.

मेहुण्याचा या क्षेत्रातला अधिकार मात्र मोठा. त्याने स्वतःचं प्रमाणपत्र हरवलं नव्हतं, जपलं होतं. जपलं म्हणजे लॅमिनेट केलं होतं. पुढे परदेशात नोकरी लागली, तेव्हा कळलं की त्या कागदावर आधी राज्याचा शिक्का हवा, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिलचं स्टिकर मागच्या बाजूला लागतं. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही आणि लॅमिनेट केलेला कागद घेतही नाहीत. मेहुण्याने रात्री इस्त्री काढली. प्लास्टिक मऊ झालं की अलगद सोलता येतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. प्लास्टिक सोललं गेलं खरं, पण शाई प्लास्टिकबरोबर गेली. उरलेल्या कोऱ्या कागदावर मंडळाची मुद्रा तेवढी अंधूक दिसत होती. त्यालाही शेवटी दुय्यम प्रतच काढावी लागली. तेव्हा खानदानात या कामाचा अनुभवी माणूस म्हणून लेखक त्याच्याकडेच गेला.

‘पहिलं पोलीस स्टेशन,’ तो म्हणाला.

ठाण्यातल्या हवालदारांनी कोरा कागद पुढे सरकवला. ‘काय हरवलं?’

‘दहावीची गुणपत्रिका नि प्रमाणपत्र.’

‘कधी?’

‘नक्की सांगता येत नाही. 1991 ते आत्तापर्यंत कधीतरी.’

‘कुठं?’

‘घरात.’

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. ‘घरात हरवलं म्हणजे हरवलं नाही, सापडत नाही. सापडत नाही याची आपण तक्रार घेत नाही काका. मग रोज सकाळी चष्म्याच्या शंभर तक्रारी येतील.’

मुद्दा बिनतोड होता. तक्रारीत ठिकाण लागतं, कारण हद्द ठरवायची असते. हद्द ठरल्याशिवाय नोंद नाही. पण माणसाला ठिकाण माहीत असतं तर तो तिथे जाऊन वस्तू उचलूनच आणेल, ठाण्यात कशाला येईल? शेवटी सन 2009 मध्ये घर बदललं होतं, सामान टेम्पोतून आलं होतं, त्या वाहतुकीत कागद गहाळ झाल्याची दाट शक्यता आहे, असा मसुदा दोघांच्या विचारविनिमयातून तयार झाला. टेम्पो कुठल्या रस्त्याने आला तेही लिहावं लागलं. बाहेर पडताना बाकावर बसलेल्या एका कॉलेजच्या मुलाने सांगितलं की मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हरवल्याची ही नोंद पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या होते. त्याला विचारलं, ‘मग तू इथं का?’ तो म्हणाला, ‘माझा मोबाइलच हरवलाय.’

या दाखल्याबद्दल एक गैरसमज काढून टाकायला हवा. पोलीस तो कागद शोधायला निघत नाहीत. तुम्ही हरवल्याचं कळवलंत, एवढंच त्यावर म्हटलेलं असतं. ‘शोध लागला का?’ असं विचारायला चार दिवसांनी जाऊ नये. लेखक गेला होता.

दुसरी पायरी प्रतिज्ञापत्र. कचेरीबाहेरच्या झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या टायपिस्टने नाव, पत्ता, वय विचारलं आणि बाकीचं काही विचारलं नाही. त्याच्या संगणकात सगळं तयार होतं. स्टॅम्प कितीचा, एवढंच त्याने विचारलं, पण ते अशा सुरात, की कमी म्हणायची लाज वाटावी. लेखकाने पाचशेचा सांगितला. शंभराचे दिवस ऑक्टोबर 2024 मध्ये संपले, हे त्याने वाचलं होतं. त्याने जे वाचलं नव्हतं ते असं: शासकीय कार्यालयांत आणि न्यायालयांत दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने 2004 सालीच माफ केलं आहे. साध्या कागदावर चालतं. वीस वर्षं झाली, तरी झाडाखालची रांग हटलेली नाही. यात टायपिस्टला दोष देता येत नाही. साध्या कागदावर शपथ घ्यायला आपल्या माणसालाच कसंसं वाटतं. कागदावर अशोकस्तंभ असला की खोटं बोलतानाही भारदस्त वाटतं.

लेखक खरं बोलत होता, पण प्रतिज्ञापत्र वाचल्यावर तसं वाटेना. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझे दहावीचे प्रमाणपत्र प्रवासात गहाळ झाले असून बराच शोध घेऊनही मिळून आलेले नाही. सदर प्रमाणपत्र मी कोठेही गहाण ठेवलेले नाही. तसेच सदर वाहनावर कोणतेही कर्ज अथवा दंड थकीत नाही.’

‘हे वाहन कुठलं?’

टायपिस्टने चष्मा वर केला. ‘आधीचं आरसी बुकचं होतं. राहिलं वाटतं. ठेवू या का? नडणार नाही.’

ते वाक्य काढायला लावून लेखक शाळेत गेला. अर्ज शाळेमार्फत करायचा, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने. यालाही कारण आहे. अमुक माणूस आपल्या शाळेतून परीक्षेला बसला होता, हे मंडळाच्या दृष्टीने शाळेनेच सांगायचं असतं. आणि शाळेकडे त्यासाठी जनरल रजिस्टर असतं. दप्तरांचं म्हणाल तर हे राजघराणं. शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक पोराची एक ओळ त्यात असते: नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, सोडल्याची तारीख. शाळेला रंग तीनदा लागला, मुख्याध्यापक सात बदलले, वर्गात टीव्ही आले. ते रजिस्टर तिथेच आहे, आणि त्यातली ओळ शाळा सोडल्यावर शाळेलाही आपल्या मर्जीने बदलता येत नाही.

मुख्याध्यापक लेखकाहून दहा वर्षांनी लहान निघाले. ‘या सर, बसा,’ म्हणाले. लेखक त्या खोलीत पहिल्यांदाच बसत होता. पूर्वी जेव्हा जेव्हा बोलावणं आलं तेव्हा उभं राहायचीच पद्धत होती. शिपायाने रजिस्टर आणलं, हेडक्लार्कांनी धूळ झटकली आणि बोट ओळींवरून फिरवत नेलं.

‘हां, सापडलात. प्रगती बेताची. वर्तणूक...’ ते थांबले. ‘बरी.’

‘बरी?’

‘त्या काळात सगळ्यांची चांगली लिहायचे. तुमची बरी लिहिलीय.’

छत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या शेऱ्याने लेखक एवढा खचला, की पुढचा प्रश्न त्याला ऐकूच आला नाही. प्रश्न होता, बैठक क्रमांक काय?

दुय्यम प्रत काढण्याच्या व्यवहारातली खरी मेख ही आहे. मंडळाच्या कपाटात माणसं नावाने राहत नाहीत, बैठक क्रमांकाने राहतात. परीक्षा कोणती, महिना-वर्ष कोणतं आणि बैठक क्रमांक काय, या तीन गोष्टी दिल्या की नोंद निघते. नुसतं नाव दिलं तर त्या नावाची त्या वर्षी दहावीला बसलेली इतकी माणसं निघतील की त्यांची वेगळी शाळा काढता येईल. आणि बैठक क्रमांक कुठे लिहिलेला असतो? हरवलेल्या गुणपत्रिकेवर. म्हणजे कुलुपाची किल्ली कपाटात आणि कपाटाला तेच कुलूप.

त्या वर्षीचं शाळेचं निकालपत्रक असतं तर सुटलं असतं. ते होतं, पण 1989 ची गठडी गच्चीवरच्या खोलीत होती आणि खोलीची किल्ली ज्यांच्याकडे असते ते लग्नाला गेले होते. तेव्हा लेखकाने शेरलॉक होम्सला शोभेल असा तर्क केला. परीक्षेला त्याच्या मागच्या बाकावर त्याचा मित्र बसत असे. क्रमांक लागोपाठ असतात. मित्राची गुणपत्रिका त्याच्या दुकानात, गल्ल्याच्या वर, फ्रेम करून लावलेली आहे. (साठ टक्के पडले होते आणि घराण्यातले ते पहिलेच साठ टक्के होते.) मित्राने स्टुलावर चढून क्रमांक वाचून दाखवला. लेखकाने त्यातून एक वजा केला आणि आकडा अर्जावर ठोकून दिला.

विभागीय मंडळाच्या कार्यालयात पोचायलाही एक चुकामूक झाली. राज्य मंडळ एक आणि त्याची विभागीय मंडळं नऊ. प्रमाणपत्र ज्या विभागातून परीक्षा दिली तिथून मिळतं, आपण आता कुठे राहतो याला किंमत नाही. शिवाय विभागही जन्मापासून नऊ नव्हते. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गाला कोकणाचं स्वतंत्र मंडळ आहे, पूर्वी ते जिल्हे कोल्हापूर विभागात होते. म्हणून जुन्या माणसाने निघण्याआधी एक फोन करून आपला कागद सध्या कुणाच्या कपाटात आहे ते विचारावं. लेखक आधी गेला तो घराजवळच्या मंडळात. ‘जवळ पडतं म्हणून आलो,’ असं त्याने सांगितलं. खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, ‘निकाल पण जवळच्याच शाळेचा घ्यायचा होता मग.’

योग्य मंडळातल्या मॅडम शांत होत्या. अर्ज, शाळेचं पत्र, पोलिसांचा दाखला, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्राची प्रत, सगळं त्यांनी क्रमाने लावलं. पाचशेचा स्टॅम्प पाहून ‘एवढं कशाला हो?’ म्हणाल्या. लेखकाला वाटलं, कौतुक आहे. शुल्क भरून पावती घेतली आणि थोड्या वेळाने आतून हाक आली. मॅडमपुढे जुनं जाडजूड बाड उघडं होतं.

‘या क्रमांकाला 700 पैकी 588 आहेत. गणितात पैकीच्या पैकी.’

लेखक गप्प राहिला. मनुष्यस्वभावाचा अभ्यास करणाऱ्यांनी या चार सेकंदांवर प्रबंध लिहायला हरकत नाही. मग मॅडम पुढे म्हणाल्या, ‘आणि नाव मुलीचं आहे.’

वजा एक करायचा होता की अधिक एक, एवढाच घोटाळा होता. मित्र पुढे बसत असे, हे खरं. पण पेपरात मदत लागली की तोच मागे वळत असल्यामुळे पुढे कोण नि मागे कोण याची स्मृती डागाळली होती. दोन क्रमांक पुढे लेखक सापडला. गुण इथे दिलेले नाहीत, कारण लेखाचा विषय तो नाही.

दोन आठवड्यांनी दुय्यम प्रत हातात पडली. त्यावर ती दुय्यम असल्याचा ठळक शिक्का, परीक्षा मार्च 1989 ची आणि सही आजच्या अधिकाऱ्यांची. लेखकाने ती घरी आणून फोटो काढून चढवली. चांदणी विझली. बायकोने विचारलं, ‘लॅमिनेट करायचं का?’ मेहुणा घरात होता, तो उठून गॅलरीत गेला.

इथे खरं तर संपायचं. पण आठ दिवसांनी एचआरमधल्या मुलीचा फोन आला. ‘सर, डुप्लिकेट आहे ना, म्हणून एजन्सी व्हेरिफाय करणार आहे.’

‘पण डुप्लिकेट बोर्डानेच दिलंय.’

‘हो सर, म्हणून बोर्डालाच विचारणार.’

लेखकाला एकदम हुशारी सुचली. परत मंडळात जायचं, मॅडमना भेटायचं आणि ‘हे आम्हीच दिलं आहे’ असं लिहून आणायचं. तो गेलाही.

‘मॅडम, हे तुम्हीच दिलंय ना?’

‘हो. माझ्याच टेबलावरून गेलंय. तुम्ही ते मुलीचे मार्क मागत होता.’

‘मागत नव्हतो, फक्त नाकारले नव्हते. तर तेवढं लिहून द्या की.’

‘तुमच्या हातात देऊन काय उपयोग? तुम्हीच आणलेलं पत्र खरं कशावरून? मग त्या पत्राची पडताळणी करायला ते पुन्हा आम्हालाच लिहिणार.’

हे मात्र अगदी बरोबर आहे, आणि परदेशी विद्यापीठं किंवा त्यांच्यासाठी कागद तपासणाऱ्या संस्था बंद लखोटा थेट संस्थेकडूनच मागतात तो यासाठीच. पडताळणीचं पत्र विचारणाऱ्याकडून देणाऱ्याकडे जातं आणि देणाऱ्याकडून विचारणाऱ्याकडे येतं. ज्याच्याबद्दल ते असतं, त्याने मध्ये बोट लावलं की त्याची किंमत गेली. लग्न ठरवताना मुलाची चौकशी मुलाकडेच करत नाहीत, तसंच हे.

मॅडमचा चहा आला होता, त्यामुळे लेखकाने धीर करून एक प्रश्न विचारला. बनावट प्रमाणपत्र ओळखता कसं? कागदावरून? मुद्रेवरून? शाईवरून?

‘कागद बघतो कोण?’ त्या म्हणाल्या. ‘कागद काय, आजकाल आमच्यापेक्षा सुंदर छापतात. आम्ही क्रमांक बघतो. पत्रातला क्रमांक, नाव, गुण आमच्या नोंदीशी जुळले की खरं. नाही जुळले की खोटं. तेलाचे डाग पडलेलं, घडीवर फाटलेलं असलं तरी जुळलं म्हणजे खरं. उलट फार चकचकीत आलं की मी आधी बाडच उघडते. एकाने तर पास झालेलाच क्रमांक घातला होता, पण तो दुसऱ्याच कुणाचा निघाला.’

‘मुलीचा?’

‘आता तुमच्यावर जाऊ नका.’

म्हणजे घरोघरी पेट्यांत, फायलींत, गाद्यांखाली जपून ठेवलेले ते सगळे कागद नुसत्या सावल्या आहेत. मूळ प्रत म्हणतात ती मंडळाच्या बाडातली ओळ. सावली हरवली तर दुसरी पाडून देतात. ओळीत जे असेल तेच सावलीत येतं, खाडाखोडीसकट आणि चुकीसकट. हा शेवटचा मुद्दा लेखकाने त्या दिवशी ऐकून सोडून दिला. तो त्याला तीन आठवड्यांनी कळला, एजन्सीचा अहवाल आल्यावर.

गुण जुळले. वर्ष जुळलं. क्रमांक जुळला. खाली मात्र तांबड्या अक्षरांत एक शेरा होता: नावात तफावत. मंडळाच्या नोंदीत लेखकाच्या वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘एन’ कमी होता. पासपोर्टात, आधारवर, बारावीवर, बी.कॉम.वर तो होता.

लेखकाने ताडकन मंडळाला फोन लावला. एवढी मोठी संस्था आणि एक अक्षर नीट लिहिता येत नाही? मॅडमनी जुना अर्ज पाहून सांगितलं, परीक्षेचा फॉर्म विद्यार्थी स्वतः भरायचे. कॅपिटल अक्षरांत. त्यावर सही आहे तुमची. मग लेखकाला आठवलं. फॉर्म भरायच्या दिवशी त्याच तासाला खाली मैदानावर नवव्या इयत्तेशी सामना होता आणि त्याला सलामीला जायचं होतं. एक ‘एन’ वाचवल्याने निदान अर्धा सेकंद तरी वाचला असेल. तो पहिल्या चेंडूवर बाद झाला होता, तेही आठवलं.

दुरुस्ती करता येईल का? तर त्यासाठी पुन्हा शाळा, पुन्हा जनरल रजिस्टर, शिक्षण विभाग. इतक्या वर्षांनी ती वाट फार लांबची. एचआरमधल्या मुलीकडे जवळची वाट होती.

‘सर, फक्त एक अ‍ॅफिडेव्हिट द्या. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं.’

झाडाखाली गर्दी नव्हती. टायपिस्टने लेखकाला लांबूनच ओळखलं आणि खुर्ची पुसली. ‘या साहेब. काय, गाडी सापडली का?’

लेखकाने सगळं समजावून सांगितलं. अमुक स्पेलिंगचा इसम आणि तमुक स्पेलिंगचा इसम हे दोन वेगळे इसम नसून एकच इसम आहे, आणि तो हाच इसम आहे. टायपिस्टने मान डोलावली, संगणकात मागच्या वेळची फाईल उघडली आणि कळफलकावर बोटं ठेवली.

‘सोपं आहे. म्हणजे फक्त नाव बदलायचं ना?’

‘नावच तेवढं बदलायचं नाही हो!’

‘बरं बरं,’ टायपिस्ट म्हणाला, ‘मग बाकीचं बदलतो. स्टॅम्प पाचशेचाच ना?’